डाग धुळीचा की मूर्तीचा?

"अगं बाळा, फोटो छान आहेत. पण तिसऱ्या फोटोतला डोळा माझा नाही."

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांचा हा व्हॉइस मेसेज रविवारी सकाळी आला. आदल्या रात्री मी त्यांना मोठ्या उत्साहाने दहा फोटो पाठवले होते. मेसेज ऐकून लॅपटॉप उघडला आणि तिसरा फोटो झूम केला. काकांचं बरोबर होतं. मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ कानाकडे निमुळती होत जाते ना, तिचं टोक गायब होतं. तिथे रेघ बोथट होऊन पापणीच्या गुलाबी रंगात विरघळली होती. काकांनी ती तशी काढलेली नव्हती. ती मी तशी केली होती आणि मला पत्ताही नव्हता.

झालं असं की जुलैमध्ये पेण आणि रोहा अशी एक फोटो स्टोरी करायची होती. सकाळी पेणचा कारखाना, मग गाडीने कासू, नागोठणे करत रोहा आणि संध्याकाळी कुंडलिकेचा काठ. कॅमेरा रोह्याच्या मावसभावाचा. तो लग्नाचे फोटो काढतो. कारखान्यात सुरुवातीला मी झूम लेन्स लावली होती. साडेअकराच्या सुमारास काकांच्या हाताचा क्लोजअप हवा म्हणून तिथेच उभ्या उभ्या लेन्स बदलली. शेजारी दोन मुलं प्लास्टरच्या कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासत होती. हवेत पांढरी भुकटी तरंगत होती, माझ्या टी-शर्टवरही बसली होती. कॅमेऱ्याचं तोंड वर करून, उघडं ठेवून मी बॅगेत दुसरी लेन्स शोधत बसले. साधारण वीस सेकंद. पुढचं सगळं त्या वीस सेकंदांचं फळ.

रात्री रोह्याला मावशीकडे फोटो पाहिले तेव्हा कुंडलिकेवरच्या राखाडी आभाळात आठ डाग दिसले. तीन चांगले ठसठशीत, पाच बारीक. काळपट, गोल, कडा धूसर. प्रत्येक फोटोत त्याच जागी. मला वाटलं लेन्सवर काहीतरी आहे. दादाने लांबूनच सांगितलं, "लेन्स नाही, सेन्सर. लेन्सवरची धूळ अशी टिपक्यांसारखी उमटत नाही."

इथे थोडं थांबून नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी कामं यावरच चालतात. आपण 'सेन्सरवर धूळ' म्हणतो, पण ती प्रत्यक्ष सेन्सरवर नसते. सेन्सरच्या पुढे काचेचा एक पातळ फिल्टर असतो, कण त्याच्यावर बसतो. म्हणजे कण आणि सेन्सर यांच्यात किंचित अंतर राहतं आणि कणाची सावली सेन्सरवर पडते. फोटोत दिसतो तो डाग म्हणजे ही सावली. आता भर उन्हात जमिनीपासून वीतभर वर हात धरा, सावली कशी रेखीव पडते. ढगाळ दिवशी तोच हात धरा, सावली पसरून जवळजवळ नाहीशी होते. अॅपर्चरचंही तसंच. एफ/१६ ला लेन्सचं छिद्र बारीक होतं, प्रकाश एका अरुंद वाटेने येतो आणि सावली गडद पडते. एफ/२.८ ला छिद्र मोठं, प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि सावली इतकी फिकी होते की दिसतच नाही. कण मात्र दोन्ही वेळा तिथेच असतो.

म्हणून कारखान्यात काढलेले एफ/२.८ चे क्लोजअप मला स्वच्छ वाटले होते. मूर्तींची अख्खी रांग शार्प यावी म्हणून एफ/११ ला गेले आणि कुंडलिकेचं पाणी स्लो शटरमध्ये रेशमासारखं दिसावं म्हणून एफ/१६ ला, तिथे डाग उघडे पडले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर यातलं काही कळत नाही.

एकूण फोटो ४१२. त्यातल्या एफ/११ ते एफ/१६ च्या फोटोंत आठ डाग एकेक करून पुसायचे म्हणजे शेकड्यांनी क्लिक. दादा म्हणाला, "आधी मोज, मग पूस." हा सल्ला भारी निघाला. लाइटरूममध्ये लायब्ररीच्या वरच्या पट्टीत Metadata फिल्टर आहे, तिथे Aperture चा कॉलम लावता येतो. लेन्स बदलण्याआधीचे ९७ फोटो बाजूला काढले, कारण तेव्हा धूळ आत गेलेलीच नव्हती. उरले ३१५. त्यातले १७१ एफ/५.६ किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे. ते शंभर टक्के झूम करून तपासले, डाग दिसत नव्हते, हात लावला नाही. ३८ फोटो एफ/८ चे, त्यांची गोष्ट पुढे येते. खरं काम होतं १०६ फोटोंचं.

या १०६ मधला सगळ्यात सपाट आभाळाचा एफ/१६ चा फोटो मी 'मास्टर' म्हणून निवडला. आभाळ रिकामं असलं की डाग लपायला जागा नसते. तिथे Q दाबून हील टूल उघडलं आणि खाली Visualize Spots ला टिक केली. फोटो काळापांढरा होतो आणि डाग छोट्या पांढऱ्या कड्यांसारखे उठून दिसतात. स्लायडर जास्त ओढला तर ढगांच्या कडाही चमकायला लागतात, त्यामुळे थोडा मागे घ्यावा लागतो. दुसरी युक्ती म्हणजे Dehaze तात्पुरतं वाढवायचं. डाग एकदम काळे होतात. काम झालं की ते परत शून्यावर आणायचं. मी एकदा विसरले आणि कुंडलिकेवर वादळ आल्यासारखं दिसायला लागलं.

हील आणि क्लोन यांत फरक आहे तो असा. क्लोन फोटोतला दुसरा तुकडा जसाच्या तसा उचलून डागावर चिकटवतं. हील त्या तुकड्याचा फक्त पोत घेतं, आणि रंग व उजेड मात्र डागाच्या आजूबाजूचा घेऊन दोन्ही मिसळतं. आभाळ एका बाजूला फिकं आणि दुसऱ्या बाजूला गडद असतं, म्हणून तिथे हीलच चालतं, क्लोनचा ठिगळ दिसून येतो. पण हील 'आजूबाजूचं' पाहतं हेच कधी कधी अंगाशी येतं. वर्तुळाच्या कडेला एखादी गडद रेघ लागली तर हील तिचा रंग आत ओढतं आणि धुरकट पट्टा तयार होतो. काकांच्या रेघेचं नेमकं हेच झालं होतं.

वर्तुळ डागापेक्षा जरासं मोठं घ्यायचं. माझा सगळ्यात मोठा डाग सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत चाळीसेक पिक्सेलचा होता, वर्तुळ मी साठचं ठेवलं. जागा सोडण्याचं कारण आहे. कण काचेवर आणि सावली सेन्सरवर, त्यामुळे लेन्स किंवा झूम बदलला की प्रकाश येण्याचा कोन बदलतो आणि सावली केसभर सरकते. अगदी घट्ट वर्तुळ काढलं तर एखाद्या फोटोत डागाची कोर बाहेर डोकावते.

आठ वर्तुळं झाली. आता जादू. मास्टर फोटो सिलेक्ट असतानाच बाकीचे आडवे फोटो सिलेक्ट करायचे, Sync दाबायचं, उघडलेल्या खिडकीत आधी Check None करायचं आणि मग फक्त Healing ला टिक करायची. जुन्या आवृत्तीत त्याचं नाव Spot Removal आहे. Check None विसरलात तर मास्टरचा एक्सपोजर, क्रॉप, रंग सगळंच बाकीच्या फोटोंवर जाऊन बसतं. माझ्या १०६ पैकी आडवे ८२ होते, उभे २४. उभ्यांसाठी मी वेगळा मास्टर केला. एकाच फटक्यात दोन्ही करून मग गोंधळ निस्तरत बसण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त गेलेली बरी.

लाइटरूम नाही म्हणून अडत नाही. डार्कटेबल फुकट आहे, त्यात retouch नावाच्या मॉड्यूलमध्ये हील आणि क्लोन दोन्ही आहेत आणि एका फोटोवरचं काम निवडून दुसऱ्यांवर पेस्ट करता येतं. गिंपमध्येही हील आहे, पण तिथे फोटो एकेक उघडावा लागतो. सहा फोटो असतील तर गिंप उत्तम, ८२ साठी नको.

तर ८२ फोटो दोन सेकंदांत स्वच्छ. मी खूश. आभाळाचे पाच-सहा उघडून पाहिले, एकही डाग नाही. त्याच आनंदात काकांना दहा फोटो पाठवून झोपले.

चूक कुठे झाली ते रविवारी कळलं. सिंकला आभाळ आणि डोळा यांतला फरक माहीत नसतो. त्याला फक्त फ्रेममधली जागा कळते. वरच्या डाव्या बाजूचा दुसऱ्या नंबरचा डाग आभाळाच्या फोटोत रिकाम्या जागी होता. काकांच्या फोटोत नेमकी तीच जागा मूर्तीच्या पापणीवर आली होती. वर्तुळाने डाग पुसला आणि त्याबरोबर रेघेचं टोकही नेलं. गंमत म्हणजे त्या काळ्या रेघेवर धुळीचा डाग मुळात दिसतच नव्हता. सावली काळ्यावर काय दिसणार?

मग सगळे ८२ बसून पाहिले. १:१ झूम, आठ वर्तुळं, एकेक जागा. पाण्यावर, आभाळावर, कारखान्याच्या भिंतीवर सगळं ठीक होतं. नऊ फोटो बिघडलेले निघाले. एकात मूर्तीच्या मुकुटाची कड मोडली होती. दोनांत पत्र्याच्या छपराच्या उभ्या पन्हाळ्या मध्येच तुटल्या होत्या, कारण सरळ रेषांच्या पॅटर्नवर उचललेला तुकडा अर्धा मिलिमीटर सरकला तरी डोळ्याला खुपतो. तिथे हीलचं क्लोन केलं, फेदर कमी केला आणि उगम त्याच पन्हाळीवर थोडा खाली ओढून आणला. रेषा जुळल्या. काकांच्या फोटोत तर दुसऱ्या नंबरचं वर्तुळ सरळ डिलीट केलं. मूळ फाइलला लाइटरूम हात लावत नाही, त्यामुळे रेघ होती तशी परत आली.

एफ/८ चे ३८ फोटो मी रात्री याच सिंकमध्ये ढकलले नव्हते हे नशीब. एफ/८ ला सावली फिकी होते पण पसरते. एफ/१६ च्या मापाचं वर्तुळ तिथे मधला भाग पुसतं आणि भोवती फिकट कडं ठेवतं, चहाच्या कपाचा टेबलावर उमटतो तसं. त्यांच्यासाठी वर्तुळं मोठी करून वेगळा मास्टर केला आणि तोही फक्त अकरा फोटोंवर लावला. बाकीच्यांत डाग गर्दीत हरवून गेले होते, दिसत नव्हते. जे दिसत नाही ते पुसायचं कशाला?

आता जे खरं सांगायचंय ते. तपासताना आणखी एक फोटो सापडला आणि त्याने माझी चांगलीच उतरवली. एक कारागीर कच्च्या मूर्तीच्या पोटावर बोटाने ओलं प्लास्टर लावतोय. ओतताना हवेचा बुडबुडा राहिला की मूर्तीत बारीक छिद्र पडतं, ते तो बुजवत होता. फोटो त्याचाच होता. आणि माझ्या फोटोत छिद्र नव्हतं. पांढऱ्या मूर्तीवर काळा गोल ठिपका, Visualize Spots मध्ये कड्यासारखा चमकलेला. रात्री मी तो नववा डाग समजून हाताने पुसला होता. आता तो माणूस गुळगुळीत पोटावर उगाचच बोट फिरवताना दिसत होता.

हे सिंकने केलं नव्हतं. मी केलं होतं, क्लिक करून.

आमच्या कोर्समध्ये हे शिकवतात, परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलंय. असोसिएटेड प्रेस आणि रॉयटर्स या दोन्ही संस्थांच्या नियमांत क्लोन आणि हील यांसारखी टूल्स बातमीच्या फोटोवर वापरायला बंदी आहे, सूट मुख्यतः एकाच कामाला, सेन्सरवरची धूळ काढायला. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धाही धुळीच्या डागांना अशीच सवलत देते. म्हणजे टूल तेच, क्लिक तोच, फक्त खाली धूळ आहे की वस्तू यावर सगळं ठरतं. नार्सिसो कॉन्ट्रेरास या फोटोग्राफरला २०१३ साली सीरियाच्या कामासाठी एपीच्या चमूबरोबर पुलित्झर मिळालं होतं. त्याच वर्षी काढलेल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्याने पुसला. जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्याच्याशी संबंध तोडले. फोटोतल्या लढवय्याला त्याने हात लावला नव्हता, फक्त कोपरा साफ केला होता. वर्गात हे ऐकताना मला वाटलेलं, आपण असं कशाला करू? आणि मी तर अख्ख्या फोटोचा विषयच पुसला होता, तोही धूळ समजून.

मग प्रश्न असा की पांढऱ्या मूर्तीवरचा काळा ठिपका धुळीचा की मूर्तीचा, हे ओळखायचं कसं? नुसतं टक लावून नाही ओळखता येत. पण एक खात्रीची परीक्षा आहे. धूळ फ्रेममध्ये जागा सोडत नाही. कॅमेरा हलला की मूर्ती हलते, माणूस हलतो, घार उडते, धूळ मात्र फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात. म्हणून लायब्ररीत View मेन्यूतलं Lock Zoom Position चालू करायचं, संशयित ठिपक्यावर १:१ झूम करायचं आणि बाणाच्या कीने मागचा-पुढचा फोटो पाहायचा. ठिपका तिथेच राहिला तर धूळ. मूर्तीबरोबर सरकला तर मूर्तीचा. त्या कारागिराच्या पुढच्या फ्रेममध्ये मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला होता. छिद्र मूर्तीबरोबर उजवीकडे सरकलेलं होतं. तीन सेकंदांचं काम, मी रात्री केलं नव्हतं.

मागेपुढे फ्रेम नसेल, एकच फोटो असेल तर? मग मास्टरशी ताडून बघायचं. तिथल्या यादीत ती जागा नसेल तर तो डाग धुळीचा आहे असं मानायचं नाही. अपवाद एकच, दिवसभरात नवी धूळ आत शिरू शकते किंवा जुना कण सरकू शकतो. कॅमेरा सुरू-बंद करताना कित्येक मॉडेल्स सेन्सरपुढचा फिल्टर थरथरवून धूळ झटकतात, त्यात हे होतं. पण तसं झालं तर नंतरच्या सगळ्या फोटोंत नवी जागा दिसते. एकाच फोटोत दिसणारा डाग, तोही एफ/४ ला रेखीव दिसणारा, तर तो धुळीचा नसण्याचीच शक्यता जास्त.

या परीक्षेने कुंडलिकेच्या फोटोंत माझ्या दोन घारीही वाचल्या. लांबच्या घारी हो, ठिपक्याएवढ्या.

दादाने सोमवारी कॅमेरा साफ केला. मेन्यूतून मॅन्युअल क्लीनिंग, बॅटरी पूर्ण चार्ज, कॅमेऱ्याचं तोंड खाली आणि रबरी ब्लोअरचे सात-आठ झटके. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट चिकटतात. प्रेशरच्या डब्यातली हवाही नको. मग टेस्ट शॉट. एफ/२२, मॅन्युअल फोकस मुद्दाम बिघडवलेला, लॅपटॉपची पांढरी स्क्रीन आणि शटर उघडं असताना कॅमेरा हलवायचा म्हणजे स्क्रीनचं सगळं पुसट होतं आणि धूळ तेवढी राहते. आठातले सहा गेले. उरलेल्या दोनांसाठी सेन्सरच्या मापाचा ओला स्वॉब लागला. शोधताना एक लक्षात ठेवायचं, फोटोत डाग वर असेल तर समोरून पाहताना कण खाली असतो, कारण सेन्सरवर चित्र उलटं पडतं. डावा मात्र डावाच राहतो.

टेस्ट शॉट लेन्स बदलल्यावर लगेच काढला असता तर? कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत Dust Delete Data नावाची सोय आहे. पांढऱ्या कागदाचा एक फोटो घेऊन कॅमेरा डागांचा नकाशा लक्षात ठेवतो आणि नंतरच्या फोटोंना जोडतो, मग कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप निघतात. पण नकाशा घेतल्यानंतरच्या फोटोंनाच तो लागू, आधीच्यांना नाही. शिवाय मूर्तीच्या पापणीवर तोही वर्तुळच ठेवणार, त्यामुळे नजर फिरवणं चुकत नाही.

दुरुस्त केलेला फोटो मंगळवारी काकांना पाठवला. पाच मिनिटांत मेसेज आला. "हां, आता माझा डोळा. पण शेवटच्या फोटोत गणपतीच्या कानाजवळ लाल ठिपका राहिलाय बघ. तोही काढून टाक."

मी मागचा फोटो पाहिला, पुढचा पाहिला. ठिपका मूर्तीबरोबर सरकत होता.

"काका, तो धुळीचा नाही. तुमच्या ब्रशचा आहे."

बराच वेळ दोन निळ्या टिक नुसत्याच दिसत राहिल्या. मग आलं, "बरं, राहू दे. मूर्ती अजून इथेच आहे, मी इकडे पुसतो."